चुकलेल्या लग्नाचं पत्र

ही कृती माफीचं पत्र एकदा लिहून झाल्यावर सुरू होते. पहिलं पत्र सगळ्यांना जमतं, ते शाळेत शिकवलेलंच असतं. ते वाचून मैत्रीण ‘ठीक आहे गं’ म्हणते, कागद कपाटात टाकते आणि पुढच्या वेळी बाजारात तुम्ही समोरून येताना दिसलात तर भाजीच्या पाटीत तोंड घालून उभी राहते. तसं होऊ नये म्हणून पत्र दुसऱ्यांदा लिहायचं.

लागणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत. पहिला मसुदा, जसा असेल तसा. लग्नाची पत्रिका. काही कोरे कागद. आणि लग्नाला हजर असलेलं एक माणूस, जे तुम्हाला गोड न बोलता खरं सांगेल. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, कारण हे काम अर्धं झालं की ‘एवढं कशाला, एक मेसेज टाकते’ असं वाटायला लागतं.

उदाहरण घोटीचं घेते. नवरी घोटीची, भाताच्या गिरणीमागच्या आळीतली. सासर सिन्नरचं. पत्र लिहिणारीही घोटीतच वाढली, आता ठाण्याला एका खासगी कार्यालयात नोकरी करते. लग्न मे महिन्यात घोटीतच होतं, मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. ती आली नाही. नावं अर्थातच देत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील फिरवले आहेत. तिचा पहिला मसुदा असा होता:

‘प्रिय मैत्रिणीस, सर्वप्रथम तुझ्या विवाहाबद्दल मनःपूर्वक शुभेच्छा. तुझ्या आयुष्यातील या अत्यंत महत्त्वाच्या दिवशी काही अपरिहार्य कारणांमुळे मला उपस्थित राहता आले नाही, याबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करते. रजा न मिळाल्यामुळे व घाटातील वाहतूक कोंडीमुळे इच्छा असूनही पोहोचता आले नाही. मी शरीराने तेथे नसले तरी मनाने तुझ्यासोबतच होते. मला किती वाईट वाटले हे शब्दांत सांगता येणार नाही. माझ्यामुळे तुझे मन दुखावले असल्यास मोठ्या मनाने क्षमा करशील, अशी आशा आहे. आपली मैत्री अशीच राहो.’

पहिली पायरी: कोणालाही चालतील अशी वाक्यं खोडा

मसुदा मोठ्याने वाचा आणि प्रत्येक वाक्यापाशी एकच प्रश्न विचारा. हे वाक्य मी साहेबांच्या मुलीच्या लग्नाला गेले नसते, तर त्यांना लिहिलं असतं का? उत्तर ‘हो’ आलं की वाक्यावर रेघ. वरच्या मसुद्यात घाटाचा उल्लेख सोडला तर सगळं खोडलं गेलं. तिला त्याचं वाईट वाटलं, कारण तिने ते लिहायला अख्खी संध्याकाळ घालवली होती.

खोडलेला कागद फेकू नका मात्र. पाठ केल्यासारखी वाक्यं माणूस उगीच लिहीत नाही, जिथे काही झाकायचं असतं तिथेच ती येतात. ‘अपरिहार्य कारणांमुळे’ असं लिहिलंय तिथे कारण टाळता येण्यासारखं होतं. ‘इच्छा असूनही’ लिहिलंय तिथे इच्छा डळमळली होती. ‘दुखावले असल्यास’ लिहिलंय, आणि ती दुखावली आहे हे लिहिणारीला पक्कं माहीत आहे. पुढच्या पायरीत कुठे खणायचं ते या तीन जागा दाखवतात.

दुसरी पायरी: आपला दिवस तासातासाने लिहा

हा कागद पाठवायचा नाही, तुमच्यासाठीच आहे. लग्नाच्या आदल्या आठवड्यापासून काय काय झालं ते क्रमाने लिहायचं. भावना लिहायच्या नाहीत, फक्त वेळ, जागा आणि आपण काय केलं. फोन उघडून त्या दिवशीची कॉलची यादी बघा, तिकिटाचा मेसेज बघा. आठवणीला आपली बाजू घ्यायची सवय असते.

हिच्या कागदावर पहिल्यांदा आलं ते असं: पहाटेची कसारा लोकल पकडली, सातच्या सुमाराला कसाऱ्याला उतरले, घाटात कंटेनर आडवा झालेला, जीपवाले जागचे हलेनात, उशीर झाला, परत आले.

इथे थोडं थांबावं लागतं, कारण पत्र जाणार आहे घोटीच्या मुलीला. घोटी मुंबई-आग्रा रस्त्यावरचं गाव. कसारा घाट चढून इगतपुरी ओलांडली की नऊ-दहा किलोमीटरवर घोटी. कोंडी, दरड, धुकं, उलटलेले ट्रक हे तिथल्या माणसाच्या रोजच्या बोलण्यातलं. घाटात काय होतं, किती वेळात सुटतं आणि त्यातून कोण कसं निसटतं, हे मुंबईहून येणाऱ्यापेक्षा त्याला जास्त कळतं. त्यातून ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यामुळे ज्याच्याकडे मोटार आहे त्याने तर घाटाचं नाव काढायची सोयच उरली नाही. ही बिचारी शेअर जीपच्या भरवशावर होती, त्यामुळे तिच्यापुरती कोंडी खरी. तरी घोटीत कुणीही ते ऐकून पहिला प्रश्न विचारणार: ‘मग गाडीने का नाही आलीस?’

कारण बंद होता तो रस्त्याचा घाट, रेल्वे चालू होती. कसाऱ्याला मागून बँकर इंजिन लावून गाड्या घाट चढतात, हे त्या भागातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. इगतपुरीपर्यंत पोहोचलं की पुढे घोटीला रिक्षा, जीप, एसटी काहीही मिळतं. मी तिला तेवढंच विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग दुसरा कागद घेतला आणि खरं लिहिलं.

खरं असं होतं. गाड्या समोरून जात होत्या. ती फलाटावर बसून राहिली. अंगावर प्रवासाचा ड्रेस, साडी पिशवीत, केस विस्कटलेले. आदल्या रात्री हळदीलाही गेली नव्हती. आता मुहूर्ताच्या तोंडावर असं मांडवात शिरायचं, नवरीची आई बघणार, सगळ्या मैत्रिणी बघणार, या विचाराने तिचे पाय उचलेनात. साडेदहाला तिने ठाण्याची गाडी धरली. नवरीच्या घरून फोन येत होते, ते उचलले नाहीत.

आणि रजा? रजा नाकारली नव्हती. तिने मागितलीच नव्हती. नोकरी नवी, साहेब तापट, आज विचारू उद्या विचारू करत आठवडा गेला आणि नवरीला मात्र ‘रजा देत नाहीत गं’ असं सांगून टाकलं. म्हणून हळद चुकली, म्हणून पहाटे निघावं लागलं, म्हणून घाटाच्या भरवशावर राहावं लागलं.

हा कागद पुरा झाला की बहुतेक पत्रांचं अवघड काम संपतं. तो कुठे अपुरा आहे हे ओळखायची खूण सोपी आहे. कागदावर एकही ओळ अशी नसेल जी लिहिताना कान गरम झाले, तर अजून तळ लागलेला नाही. काही वेळा मात्र खरोखरच तळात काही नसतं. घरात सुतक होतं, मूल दवाखान्यात होतं, मोठा अपघात झाला. तिथे ही कृती लागत नाही. सुतक असताना कुणी लग्नाला आलं नाही म्हणून आपल्याकडे कुणी रुसत नाही. तिथे एक फोन करून हकीकत सांगावी, बास. ओढूनताणून अपराध अंगावर घेतला तर तोही नाटकी दिसतो.

तिसरी पायरी: तिचा दिवस तासातासाने लिहा

या पायरीचं नावही पहिल्या मसुद्यात नसतं, आणि पत्र पाठ केल्यासारखं वाटायचं मूळ इथेच आहे. पहिल्या मसुद्यात ‘मी’ला वाईट वाटतं, ‘मी’ मनाने सोबत असते, ‘मी’ दिलगीर असते. नवरीच्या दिवसाबद्दल त्यात एक ओळ नाही.

दुसऱ्या कोऱ्या कागदावर पत्रिका समोर ठेवून तिचा दिवस मांडा: हळद, देवक, आंघोळ, साडी, गौरीहर पुजायला बसणं, अंतरपाट, मंगलाष्टकं, सप्तपदी, पंगत, पाठवणी, सासरचा उंबरा, पहिली रात्र. मग प्रत्येक ठिकाणी विचारा, इथे माझी जागा होती का? पाचशे माणसांच्या पंगतीत तुमची जागा कुणी रिकामी बघितली नाही. ती कुठेतरी एकदोन ठिकाणीच होती, आणि तेवढ्याच शोधायच्या आहेत.

हजर असलेल्या माणसाला आता फोन करायचा. हिने नवरीच्या चुलत बहिणीला केला. प्रश्न नेमका विचारायचा: ‘माझ्या नसण्यामुळे कोणाला काय करावं लागलं?’ ‘ती माझ्यावर चिडलीय का?’ हा प्रश्न विचारू नका. त्याने समोरच्याला मध्यस्थ व्हावं लागतं, आणि मध्यस्थ माणूस दोन्हीकडे थोडं थोडं खोटं बोलतो.

चुलत बहिणीने जे सांगितलं त्यात पुष्कळ गोष्टी होत्या. त्यातल्या दोन कामाच्या. पहिली पाठराखणीची. या दोघी एका नवरात्रात कळसूबाईला गेल्या होत्या. त्या दिवसांत घोटीकडून पुष्कळ लोक बारी गावातून देवीला चढतात. उतरताना हिने शब्द दिला होता की तुझी पाठराखीण मीच होणार. नवरीने तो शब्द खरा धरून घरात आणि सासरीही सांगून ठेवला होता. हिचा फोन लागेना तेव्हा ऐनवेळी मावशींना तयार केलं. मावशींचा गुडघा दुखतो. त्या तशाच गाडीत बसल्या, सिन्नरला गेल्या, दोन दिवस परक्या घरात जिने चढल्या-उतरल्या.

दुसरी गोष्ट लहान होती. गाडीत बसण्याआधी नवरीने दोनदा रस्त्याकडे वळून बघितलं.

आणखी एक गोष्ट त्या फोनवर कळली, जी हिला सगळ्यात जास्त लागली. वरात नाचत नाचत उशिरा आली, लग्न बारा पस्तीसऐवजी दोनच्या सुमाराला लागलं. साडेदहाला कसाऱ्याहून पुढे निघाली असती तर ती अंतरपाट धरायच्या आधी मांडवात असती. तिला हे पत्रात घालायचं होतं. मी नको म्हटलं. तो योगायोग आहे, तिच्या वागण्याचा भाग नाही. वाचणारीला त्यातून मिळतो तो फक्त नव्याने हळहळायचा हिशोब. पत्र हलकं करायला जे लिहावंसं वाटतं ते जसं तपासायचं, तसंच जड करायला जे लिहावंसं वाटतं तेही तपासायचं.

चौथी पायरी: कबुलीचं वाक्य आधी लिहा

दोन्ही कागद शेजारी ठेवा. आता पत्राचं पहिलं वाक्य. त्यात ‘मी’ कर्ता असावी आणि क्रिया पुरी झालेली असावी. मराठीत आपल्याला पळवाटा फार: ‘येणं झालं नाही’, ‘राहून गेलं’, ‘जमलं नाही’, ‘पोहोचता आलं नाही’. या सगळ्यांत काम बिघडतं, बिघडवणारं कुणी नसतं. ‘मी आले नाही’ हे तीन शब्दांचं वाक्य लिहायला तिला जितका वेळ लागला, तितका बाकीच्या पत्राला लागला नाही.

शुभेच्छा सुरुवातीला नकोत. लग्नाचा आनंद आणि लग्न चुकवल्याची कबुली एकाच परिच्छेदात आली की एकमेकांची चव घालवतात. आहेर द्यायचा असेल तर तो वेगळा, वेगळ्या दिवशी. पत्रासोबत साडी किंवा पाकीट गेलं तर ते भरपाईसारखं दिसतं.

कारण लिहायचं, कारण न लिहिलेलं पत्र अर्धवट वाटतं आणि वाचणारी आपल्या मनाने ती जागा भरते. पण कारण म्हणजे घडलं ते, क्रमाने, दोनतीन वाक्यांत. साहेबांचा स्वभाव, नोकरीतली असुरक्षितता, घरची परिस्थिती यांवर एकेक वाक्य वाढलं की पत्र हळूहळू अर्जासारखं होतं. माझी कसोटी अशी: कारणाचा मजकूर तिच्या दिवसाबद्दलच्या मजकुराहून फार लांब झाला, तर कात्री कारणाला. आणि कबुलीच्या वाक्यामागे ‘पण’ आलं तर तिथे पूर्णविराम देऊन ‘पण’च्या पुढचं सगळं काढून बघा. नव्वद टक्के वेळा पत्र सुधारतं. हा टक्का माझा अंदाज आहे, कुणी मोजलेला नाही.

मोजलेली एक गोष्ट मात्र सांगते. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीचे सहा भाग वेगवेगळे करून लोकांना कोणते पटतात ते तपासलं. सगळ्यात वरचढ ठरली जबाबदारीची कबुली, त्याखालोखाल नुकसान भरून द्यायची तयारी. सगळ्यात कमी उपयोगाची ठरली ती क्षमेची विनंती. आपल्या पहिल्या मसुद्यांत नेमकं उलटं असतं: कबुली धूसर, भरपाई गायब आणि शेवटी ठसठशीत ‘क्षमा करशील अशी आशा’. त्यांचे प्रयोग कागदावरच्या प्रसंगांचे होते, नोकरीच्या ठिकाणासारखे. मैत्रिणींना ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी ‘क्षमा कर’ हे वाक्य काढून पाहायला हरकत नाही. ते काढलं की तिच्यावर उत्तर द्यायचं ओझं राहत नाही.

पाचवी पायरी: मोडलं तेच दुरुस्त करा

‘लवकरच भेटू’ म्हणजे काहीच नाही. ‘तुला हॉटेलात जेवायला नेईन’ हे चुकीच्या जागी ठिगळ. मोडलं होतं पाठराखणीचं काम, म्हणजे नव्या घरात पहिल्या दिवसांत आपलं माणूस जवळ असणं. ते दिवस परत येत नाहीत, पण त्याच्या जवळचं काहीतरी करता येतं. आषाढात, म्हणजे आपल्या भाषेत आखाडात, नवी नवरी माहेरी येते. त्या वेळी घोटीत पाऊस कोसळत असतो, शिवारात भाताची आवणी चालू असते, घरात सगळे कामात असतात आणि माहेरवाशिणीशी निवांत बोलायला कुणाला सवड नसते. तेव्हा जाऊन राहायचं. फोटो काढायला किंवा फिरायला न्यायला नाही, तिला सासरबद्दल जे बोलायचं असेल ते ऐकायला.

दुसरी दुरुस्ती मावशींची. ती नवरीकडून होऊ शकत नाही, म्हणून पत्रात तिची परवानगी मागायची नाही. फक्त ‘मी त्यांच्याकडे जाणार आहे’ एवढं सांगायचं. ज्याला भुर्दंड पडला त्याच्याकडे आधी जावं, असं माझं मत आहे. पत्र नवरीच्या हातात पडायच्या आधी मावशींकडे जाऊन आलेली मुलगी पत्रात निराळ्याच आवाजात बोलते.

आणि जे वचन द्याल त्याला तारीख असू द्या, आणि नको म्हणायची वाटही.

सहावी पायरी: तोंडाने बोलून बघा

आता पत्र मोठ्याने वाचा, नवरीशी बोलता त्या आवाजात. जीभ जिथे अडखळेल तिथे शब्द बदला. ‘उपस्थित’, ‘दिलगिरी’, ‘मनःपूर्वक’ हे शब्द इथे आपोआप गळतात. उलट बाजूलाही घसरू नका. ‘सॉरी यार, तुझी मैत्रीण मूर्खच आहे, मार मला’ हेही पाठच केलेलं असतं, फक्त दुसऱ्या शाळेतलं. स्वतःला शिव्या दिल्या की समजूत काढायचं काम तिच्यावर पडतं.

तिसऱ्यांदा लिहू नका. दोनदा लिहिलेलं पत्र साधं होतं, चारदा लिहिलेलं पुन्हा गुळगुळीत होतं. एखादं वाक्य खडबडीत राहिलं तर राहू द्या. तिचं पत्र शेवटी असं झालं:

‘ए,

मी तुझ्या लग्नाला आले नाही. कसाऱ्यापर्यंत आले होते आणि तिथून परत गेले.

जीप बंद होत्या, गाड्या चालू होत्या. इगतपुरीपर्यंत मला येता आलं असतं. मी फलाटावर बसून राहिले. हळदीलाही आले नव्हते, आता असा चुरगळलेला ड्रेस घालून मांडवात कशी शिरू, काकू काय म्हणतील, हेच डोक्यात. साडेदहाला ठाण्याची गाडी पकडली. तुमचे फोन येत होते, मी उचलले नाहीत.

रजेचं मी तुला खोटं सांगितलं. रजा मी मागितलीच नव्हती. मागायला घाबरले आणि तुला सांगताना साहेबांचं नाव पुढे केलं.

कळसूबाईवरून उतरताना मी म्हटलं होतं तुझी पाठराखीण मी. तू ते घरात सांगितलंस, सिन्नरलाही सांगितलंस. मग ऐनवेळी मावशींना जावं लागलं, गुडघा तसा असताना. गाडीत बसायच्या आधी तू रस्त्याकडे बघत होतीस असं मला कळलं. त्या घरात पहिल्या रात्री तुझ्याजवळ कोण होतं, तू काय बोललीस, मला माहीत नाही. ते मला माहीत असायला हवं होतं.

मावशींकडे मी रविवारी जाऊन आले. त्या रागावल्या नाहीत, पण गुडघा दाखवला.

आखाडाला तू घोटीत असशील तेव्हा दुसऱ्या शनिवारी मी येते, रात्री राहते. रजा मागून झाली आहे, मंजूरही झाली. तुला नको असेल तर ताईजवळ निरोप ठेव, मग येणार नाही. याचं उत्तर लगेच लिहू नकोस.’

खाली फक्त तिचं नाव होतं. ‘तुझीच’ तिने स्वतःहून खोडलं.

या पत्रात ‘माफ कर’ कुठेच नाही, हे तिला खटकत होतं. वाटलं तर शेवटी एकदा साधं ‘चुकले मी’ लिहावं, त्याने काही बिघडत नाही. तिने लिहिलं नाही.

पाठवायचं कधी, कसं

लग्नाच्या आठवड्यात कधीच नाही. सत्यनारायण, जागरण-गोंधळ, मांडवपरतणी, देवदर्शन यांच्या गडबडीत नवरीला श्वास घ्यायला वेळ नसतो, आणि त्या दिवसांत आलेल्या पत्राचं उत्तर ती घाईत ‘काही नाही गं, चालतं’ असं देऊन मोकळी होते. ते उत्तर पुढे दोघींच्याही पायात येतं. त्या आठवड्यात एवढंच कळवायचं: ‘मी आले नाही, त्याबद्दल तुला नीट लिहिते आहे.’ सिंथिया फ्रांट्झ आणि कोर्टनी बेनिग्सन यांचा २००५ चा एक अभ्यास आहे. त्यात उशिरा आलेली माफी लगेच आलेल्या माफीपेक्षा जास्त समाधान देणारी ठरली, कारण मधल्या वेळात दुखावलेल्या माणसाला आपलं ऐकून घेतलं गेलं असं वाटत होतं. म्हणजे नुसता उशीर करून भागत नाही. मधल्या वेळात तिला बोलू द्यायला हवं. ती फोनवर चिडली, तर ऐकून घ्यायचं आणि पत्र त्यानंतर लिहायचं. तिने सांगितलेली एक तरी गोष्ट मग पत्रात असली पाहिजे.

कागदावर लिहावं, असं मी म्हणेन, पण ते भावनेपोटी नाही. नव्या सासरी फोन हातात घेऊन लांबलचक मेसेज वाचणारी सून सगळ्यांच्या नजरेत येते, आणि शेजारी बसलेली नणंद सहज डोकावते. व्हॉइस नोट तर नकोच, ती स्वयंपाकघरात मोठ्याने वाजते. सासरच्या पत्त्यावर टपालही नको. पाकीट कोण फोडेल सांगता येत नाही, आणि यातल्या ‘त्या घरात पहिल्या रात्री’ या वाक्याचा सासूबाई काय अर्थ लावतील तेही नाही. हिने बंद पाकीट चुलत बहिणीकडे दिलं, तिने ते नवरी माहेरी आल्यावर हातात ठेवलं. ग्रुपवर काहीही लिहायचं नाही, अगदी ‘मिस यू’सुद्धा.

उत्तर आलं नाही तर

बरेचदा येत नाही, निदान लवकर येत नाही. दुसरं पत्र लिहू नका, ‘मिळालं का?’ असंही विचारू नका. चुलत बहिणीला खोदू नका. निरोप आलेला नसेल तर ठरल्या शनिवारी जायचं, कारण पत्रात तसं लिहिलं आहे. ती दारातच फाडफाड बोलली, तर पत्रातलं एकही वाक्य तोंडाने पुन्हा म्हणायचं नाही. ‘मी लिहिलं होतं ना’ हे तर मुळीच नाही. लिहिलेलं तिने वाचलेलं आहे, आता तिची पाळी आहे.

ती गप्प राहिली, चहा देऊन आत आवणीच्या माणसांच्या भाकऱ्या थापायला गेली, तर आपणही आत जाऊन पीठ मळायला घ्यायचं.